बरा झालेला गुडघा ॲपला का कळला नाही

"मी तिसऱ्यांदा सांगतेय, माझा गुडघा आता बरा आहे. तुमचं ॲप ऐकतच नाही." जूनच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या या तक्रारीमुळे आम्ही आमच्या ॲपची दीर्घकालीन स्मृती सगळी उघडून पाहिली. आमचं ॲप धावण्याचा सराव करणाऱ्यांसाठी आहे. वापरणारा रोजच्या सरावाबद्दल लिहितो, प्रश्न विचारतो, आणि भाषा मॉडेल त्याचा मागचा इतिहास लक्षात घेऊन पुढचा सराव सुचवतं. निदान तशी अपेक्षा होती.

या बाईंच्या बाबतीत इतिहास आमच्याकडे पूर्ण होता. एकही संदेश हरवलेला नव्हता. बरं झाल्याचंही त्यांनी एप्रिलमध्येच लिहिलेलं होतं. तरी "उद्या उताराच्या मार्गावर धावू का?" या प्रश्नावर ॲपने गुडघ्याचं कारण देत उतार टाळायला सांगितलं. आधी त्यांनी दोनदा दुरुस्ती केली होती, तीही पाण्यात गेली.

जुनी रचना

भाषा मॉडेलला स्वतःची अशी आठवण नसते. प्रत्येक वेळी प्रॉम्प्टमध्ये जे लिहून पाठवू तेवढंच त्याच्यासमोर असतं, आणि सहा महिन्यांचं सगळं संभाषण दरवेळी पाठवणं परवडत नाही. पाठवलं तरी लांबलचक मजकुराच्या मधल्या भागातल्या गोष्टी मॉडेलच्या नजरेतून सुटतात. म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या होत्या, आणि बहुतेक जण त्याच करतात.

पहिली म्हणजे फिरता सारांश. दर 20 संदेशांनंतर मॉडेलला जुना सारांश आणि नवे 20 संदेश द्यायचे, त्याने दोन्ही मिळून नवा सारांश लिहायचा. हा सारांश प्रत्येक प्रॉम्प्टच्या सुरुवातीला जायचा.

दुसरी म्हणजे एम्बेडिंगवर, म्हणजे वाक्याचा अर्थ आकड्यांच्या यादीत मांडण्यावर, चालणारा शोध. प्रत्येक संदेश `multilingual-e5-base` या मॉडेलमधून काढून त्याचा 768 आकड्यांचा व्हेक्टर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये `pgvector` वापरून ठेवायचा. नवा प्रश्न आला की त्याचाही व्हेक्टर काढायचा आणि अर्थाने सर्वांत जवळचे 5 जुने संदेश प्रॉम्प्टमध्ये टाकायचे.

```sql
SELECT id, body, sent_at,
       1 - (embedding <=> $2) AS score
FROM messages
WHERE user_id = $1
ORDER BY embedding <=> $2
LIMIT 5;
```

`<=>` म्हणजे कोसाइन अंतर. ते 1 मधून वजा केलं की साम्य मिळतं. क्वेरी बरोबर होती, आणि एका माणसाचे संदेश काही शेकडा किंवा हजारच असतात, त्यामुळे वेगाचाही प्रश्न नव्हता. एवढ्यासाठी आम्ही जवळचे व्हेक्टर अंदाजाने पटकन शोधणारा HNSW इंडेक्सही लावला नव्हता. ते बरंच झालं, कारण तो इंडेक्स आधी सगळ्या वापरकर्त्यांमधून जवळचे व्हेक्टर काढतो आणि `user_id` ची चाळणी नंतर लागते. मग पाच मागितले तर कधी दोनच हाती येतात, आणि त्यात काही चुकलंय असं कुठेच दिसत नाही. `user_id` वर साधा इंडेक्स ठेवून त्या माणसाचे सगळे व्हेक्टर तपासणं आम्हाला पुरेसं होतं.

त्या प्रश्नाला नेमकं काय वर आलं

आम्ही तो जूनमधला प्रश्न पुन्हा चालवला आणि पाचाऐवजी पन्नास निकाल मागितले. पहिले चार असे होते:

14 जानेवारी: "उतारावर धावताना डावा गुडघा दुखतो." साम्य 0.89.
22 जानेवारी: "फिजिओ म्हणाले की सध्या उतार पूर्ण बंद." साम्य 0.88.
10 फेब्रुवारी: "आज थोडा उतार केला, गुडघ्यात परत कळ आली." साम्य 0.87.
3 मार्च: "उताराऐवजी सपाट रस्त्यावरच धावले." साम्य 0.87.

आणि ज्या एका संदेशाने या चौघांना रद्द केलं होतं तो सापडला 31व्या क्रमांकावर, साम्य 0.80. तो 28 एप्रिलचा होता: "काल शेवटचं सेशन झालं. आता काहीच बंधन नाही म्हणाले."

हे वाक्य नीट पाहिलं तर यात गुडघा नाही, उतार नाही, दुखणं नाही, धावणंही नाही. फिजिओचं नावसुद्धा नाही. त्या दिवशीच्या गप्पा वाचणाऱ्या माणसाला अर्थ लख्ख कळतो, कारण चार ओळी वर गुडघ्याचाच विषय चालू होता. आम्ही मात्र प्रत्येक संदेश एकटा उचलून त्याचा व्हेक्टर काढला होता. एकट्या वाक्यात जो अर्थ नाही तो व्हेक्टरमध्ये कुठून येणार? माणसं सगळ्यांत महत्त्वाचं बऱ्याचदा असंच अर्धवट बोलतात: "हो, तेच", "आता नको", "सुटले एकदाची". तपशील आधीच्या वाक्यात असतो आणि निर्णय नंतरच्या.

मग त्यांच्या थेट दुरुस्तीचं काय झालं? "गुडघा आता दुखत नाही" हे वाक्य मे महिन्यात आलं होतं आणि ते पाचवं सापडलं, म्हणजे प्रॉम्प्टमध्ये पोचलंही होतं. इथे दुसरी अडचण होती. "गुडघा दुखतो" आणि "गुडघा दुखत नाही" यांचे व्हेक्टर एकमेकांना अगदी खेटून असतात, कारण विषय तोच आहे, आणि साम्य विषयाचं मोजलं जातं, खरं-खोटं नाही. त्यामुळे मॉडेलसमोर चार जुने संदेश एका बाजूला आणि एक नवा दुसऱ्या बाजूला असं चित्र गेलं, आणि तेही आम्ही तारखा न छापता दिलं होतं! शिवाय फिरत्या सारांशात "गुडघ्याची तक्रार, उतार टाळावा" ही ओळ होतीच. मॉडेलने बहुमत मानलं.

किमान साम्याची अट का उपयोगी पडली नाही

टीममधल्या एकाने साहजिकच विचारलं, "0.75 च्या खालचं घ्यायचं नाही अशी अट आहे ना आपल्याकडे?" होती. पण त्या पन्नास निकालांत बुटाची नाडी सुटल्याचा एक संदेश होता आणि त्याचंही साम्य 0.78 होतं. e5 मॉडेलं ज्या पद्धतीने शिकवली गेली आहेत, त्यामुळे त्यांचे कोसाइन आकडे साधारण 0.7 ते 1.0 एवढ्याच पट्ट्यात दाटीवाटीने बसतात. मॉडेलच्या माहितीपत्रातही हे सांगितलं आहे. म्हणजे 0.75 ही अट जवळपास काहीच गाळत नव्हती. या आकड्यांचा क्रम विश्वासाचा, आकडा नाही. अट लावायचीच असेल तर आपल्याच संदेशांमधल्या संबंध असलेल्या आणि नसलेल्या जोड्या तपासून ती ठरवावी लागते, आणि एम्बेडिंग मॉडेल बदललं की पुन्हा ठरवावी लागते.

इथेच आमची एक निव्वळ निष्काळजी चूकही सापडली. या मॉडेलला शोधाच्या मजकुरापुढे `query: ` आणि साठवलेल्या मजकुरापुढे `passage: ` असं लिहून द्यावं लागतं. आम्ही दोन्हीकडे काहीच लावलं नव्हतं. त्याने एरर येत नाही, फक्त क्रम थोडा बिघडतो, म्हणून ते महिनोन्महिने लक्षात आलं नाही.

सारांशाची झीज

फिरत्या सारांशाच्या जुन्या आवृत्त्या आम्ही नशिबाने ठेवल्या होत्या. एकाखाली एक लावून वाचल्या. जानेवारीत ओळ होती, "उतारावर धावताना डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, सपाट रस्त्यावर त्रास नाही." सहाव्या आवृत्तीत "उतारावर गुडघा दुखतो" उरलं. अकराव्यात "गुडघ्याची तक्रार, उतार टाळावा." डावा गेला, बाहेरची बाजू गेली, सपाट रस्त्याची सूट गेली, आणि एका निरीक्षणाचं कायमच्या नियमात रूपांतर झालं.

कारण उघड आहे. प्रत्येक आवृत्ती मूळ संदेशांवरून नव्हे तर आधीच्या सारांशावरून लिहिली जात होती. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखं. एकदा गळलेला तपशील परत यायला वाट नाही, आणि ठासून लिहिलेली सर्वसाधारण ओळ मात्र टिकून राहते, कारण ती कापायला कुठल्याच फेरीत कारण मिळत नाही.

नव्याने काय बांधलं

पहिला बदल लिहिण्याच्या बाजूला केला. माझ्या मते यातला सगळ्यांत मोठा फरक त्यानेच पडला. 30 मिनिटं शांतता झाली की ती बैठक संपली असं धरायचं आणि त्या बैठकीच्या मूळ संदेशांवरूनच टिपणं काढायची. प्रत्येक टिपण एकटं वाचलं तरी कळलं पाहिजे, एवढाच कडक नियम. सर्वनामाच्या जागी नाव, "काल"च्या जागी तारीख. 28 एप्रिलचं ते वाक्य आता असं साठतं: "27 एप्रिलला फिजिओथेरपीचं शेवटचं सेशन झालं. डाव्या गुडघ्यासाठी घातलेली उतार न धावण्याची अट फिजिओने काढली." व्हेक्टर या टिपणाचा काढायचा, आणि टिपणासोबत मूळ संदेशांचे क्रमांक ठेवायचे. जूनचा प्रश्न या टिपणांवर चालवला तेव्हा ते 31व्यावरून दुसऱ्या क्रमांकावर आलं. शोधाची क्वेरी तीच होती, फक्त साठवलेला मजकूर बदलला होता.

बैठक संपेपर्यंत टिपण नसतं, म्हणून चालू बैठकीचे संदेश जसेच्या तसे प्रॉम्प्टमध्ये जातात. सारांशावर सारांश लिहिणं पूर्ण बंद केलं.

दुसरा बदल म्हणजे घडलेल्या गोष्टी आणि आज खऱ्या असलेल्या गोष्टी वेगळ्या केल्या. "14 जानेवारीला गुडघा दुखला" ही घटना आहे, ती कधीच खोटी ठरत नाही. "उतार बंद आहे" ही स्थिती आहे, तिला सुरुवात आणि शेवट असतो. व्हेक्टर शोधाला हा फरक कळत नाही, म्हणून स्थितींसाठी साधं टेबल केलं:

```sql
CREATE TABLE facts (
  id          bigserial PRIMARY KEY,
  user_id     bigint NOT NULL,
  topic       text NOT NULL,
  body        text NOT NULL,
  valid_from  timestamptz NOT NULL,
  valid_to    timestamptz,
  source_note bigint NOT NULL
);
```

नवं टिपण तयार झालं की त्यातून संभाव्य स्थिती काढायच्या, त्या माणसाच्या चालू स्थिती, म्हणजे `valid_to` रिकामं असलेल्या ओळी, त्यांच्या शेजारी ठेवायच्या आणि मॉडेलकडून प्रत्येकीबद्दल चारांपैकी एक निवाडा घ्यायचा: नवी, तीच, बदललेली, संपलेली. बदलली किंवा संपली तर जुन्या ओळीच्या `valid_to` मध्ये तारीख भरायची. पुसायची नाही, कारण "मार्चमध्ये मी उतार का करत नव्हते?" असं कुणी विचारलं तर उत्तर तिथेच आहे.

चालू स्थिती एका माणसाच्या क्वचितच वीस-पंचवीसच्या वर जातात. त्या शोधायच्याच नाहीत, प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये सरसकट द्यायच्या, तारखेसकट. शोध फक्त घटनांसाठी राखला. दुखापतीसारखी गोष्ट समोर येणं हे प्रश्नाच्या शब्दांवर अवलंबून ठेवणं मुळातच चूक होतं, हे आम्हाला इथे कळलं. कुणी "उद्याचा सराव सांगा" एवढंच म्हटलं, तर त्या प्रश्नाच्या व्हेक्टरजवळ गुडघा येणारच नाही.

ताजेपणाचा मोह

या टेबलाआधी आम्ही एक सोपा उपाय करून पाहिला होता आणि तो फसला. साम्याला काळाप्रमाणे घटणाऱ्या आकड्याने गुणायचं, म्हणजे नवं आपोआप वर येईल. 2023 साली स्टॅनफर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी एका आभासी गावातली पात्रं चालवताना आठवणींना ताजेपणा, महत्त्व आणि साम्य असे तीन गुण देऊन त्यांची बेरीज केली होती, त्यात ताजेपणा तासाला 0.995 पटीने घटतो. आम्ही तो आकडा तसाच उचलला. मग हिशेब केला: एका दिवसाने 0.89, एका आठवड्याने 0.43, तीस दिवसांनी 0.027. त्या आभासी गावात सगळं काही दिवसांत घडतं, तिथे हे शोभतं. आमच्याकडे महिन्यापूर्वीची शस्त्रक्रिया कालच्या बुटाच्या नाडीपुढे हरत होती. गुडघ्याची तक्रार मिटली, पण ज्यांची दुखापत खरोखर चालू होती त्यांचीही आठवण मिटली, आणि ती चूक जास्त धोक्याची. स्थिती किती जुनी आहे यावरून ती संपली की नाही ते ठरत नाही. कुणीतरी ती संपवावी लागते.

वाचण्याची बाजू

प्रश्न जसाच्या तसा शोधायला देणं थांबवलं. "मग आजही तसंच करू?" या वाक्याचा व्हेक्टर काढून काही हाती लागत नाही. शेवटचे सहा संदेश देऊन मॉडेलकडून त्या प्रश्नाचं स्वयंपूर्ण रूप आधी लिहून घेतो आणि ते शोधतो. याने प्रत्येक उत्तराआधी एक लहान फेरी वाढली. ती जाणवते, पण तिच्याशिवाय बाकीचं सगळं लंगडं पडतं.

सोबत शब्दांवरून शोधही जोडला, कारण बुटाच्या मॉडेलचं किंवा एखाद्या व्यायामाचं खास नाव एम्बेडिंगच्या हातून निसटतं. मराठीत शब्दशोधाची आपली एक अडचण आहे. "गुडघा" शोधलं तर "गुडघ्याला" आणि "गुडघ्यावर" सापडत नाहीत, आणि पोस्टग्रेसमध्ये मराठीसाठी मूळ शब्द काढणारा तयार कोश नाही. टिपणं आम्हीच लिहून घेत असल्यामुळे प्रत्येक टिपणासोबत मूळ रूपातले चार-पाच शब्दही लिहून घेतो आणि शोध त्यांच्यावर चालवतो.

दोन शोधांचे आकडे वेगळ्या मापाचे, त्यांची बेरीज करता येत नाही. म्हणून फक्त क्रमांक घ्यायचे आणि प्रत्येक यादीतून 1/(60 + क्रमांक) एवढे गुण द्यायचे. एखादं टिपण शब्दशोधात पहिलं आणि व्हेक्टरशोधात नववं असेल तर 1/61 + 1/69, म्हणजे सुमारे 0.031. फक्त व्हेक्टरशोधात दुसरं आलेलं टिपण 1/62, म्हणजे सुमारे 0.016. दोन्हीकडे बऱ्यापैकी दिसलेलं वर येतं. वरची सहा टिपणं घ्यायची, पण प्रॉम्प्टमध्ये ती साम्याच्या नव्हे, तारखेच्या क्रमाने लावायची. घटनाक्रम दिसला की कोणती गोष्ट नंतरची हे मॉडेलला ओळखायला सोपं जातं.

जे पुन्हा बिघडलं

पहिल्याच आठवड्यात उलटी चूक झाली. एका धावपटूने लिहिलं, "आज घोटा एकदम मस्त वाटतोय", आणि मॉडेलने घोट्याची दुखापत "संपलेली" ठरवून बंद केली. दोन दिवसांनी ॲपने त्याला वेगाचा सराव सुचवला. त्याने तो केला नाही, आम्हाला कळवलं, हे त्याचे उपकार. एका दिवसाचं बरं वाटणं आणि बरं होणं यात फरक आहे. तेव्हापासून दुखापत, औषध आणि डॉक्टरांनी घातलेली बंधनं या विषयांच्या स्थिती मॉडेल स्वतः बंद करू शकत नाही. ते फक्त शंका नोंदवतं आणि पुढच्या वेळी स्क्रीनवर सरळ विचारलं जातं: घोट्याची दुखापत संपली अशी नोंद करायची का? हो किंवा नाही. उरलेल्या विषयांत, जसं की कोणत्या वेळी धावायला आवडतं, चूक झाली तरी नुकसान किरकोळ असतं. तिथे मॉडेलचा निवाडा चालवून घेतो.

हे सगळं तपासायला आम्ही परवानगी घेतलेल्या जुन्या संभाषणांमधून चाळीस प्रश्न हाताने निवडले. प्रत्येकासोबत दोन गोष्टी लिहिल्या: कोणतं टिपण वर यायलाच हवं, आणि कोणती जुनी गोष्ट चालू म्हणून येता कामा नये. दुसरा रकाना आधीच्या चाचणीत नव्हताच. हवं ते पहिल्या पाचात आलं का एवढंच आम्ही मोजत होतो, आणि त्या मापाने जुनी रचना चांगली दिसत होती. मेमधली दुरुस्ती पाचवी आली होती ना, म्हणजे पास! सोबत आलेल्या चार शिळ्या संदेशांचे गुण कुणी कापत नव्हतं.

पुसण्याबद्दलही सांगायला हवं. वापरणाऱ्याने एखादा संदेश काढून टाकला की त्यातून निघालेलं टिपण, त्याचा व्हेक्टर आणि त्यावर उभी असलेली स्थिती, तिन्ही गेलं पाहिजे. जुन्या फिरत्या सारांशातून एक संदेश वेगळा काढणं अशक्य होतं. आता मूळ क्रमांक साखळीने जोडलेले असल्यामुळे ते टिपण टाकून उरलेल्या संदेशांवरून नवं लिहिता येतं. प्रत्येक व्हेक्टरशेजारी मॉडेलचं नावही ठेवतो, कारण दोन वेगळ्या मॉडेलांचे व्हेक्टर एकमेकांशी तोलता येत नाहीत, आणि दोन्हींची लांबी 768 असली तर डेटाबेस तक्रारही करत नाही.

शेवटी चालू स्थितींची यादी आम्ही ॲपमध्येच दाखवायला लागलो, प्रत्येक ओळीपुढे दुरुस्त करायची सोय ठेवून. तक्रार करणाऱ्या बाईंना ती उघडून पाहायची विनंती केली. गुडघ्याची ओळ 27 एप्रिलला संपलेली दिसत होती, तारीख बरोबर होती. त्यांनी त्याखालची एक ओळ मात्र बदलली. आठवड्यातून चार दिवस धावतात असं तिथे लिहिलं होतं. ते मार्चपर्यंत खरं होतं, त्यानंतर त्या पाच दिवस धावत होत्या, पण हे त्यांनी कधी वाक्यात लिहिलंच नव्हतं. दर आठवड्याला पाच नोंदी येत होत्या, एवढंच.